विस्थापन की एकूण अंतर? वेगाचं चिन्ह मधेच बदलतं तेव्हाचे नेहमीचे प्रश्न

मी अकरावी-बारावीच्या बॅचेस घेतो, आणि दरवर्षी या एका टॉपिकवर तेच तेच प्रश्न येतात, व्हॉट्सअ‍ॅपवर पण, वर्गाबाहेर जिन्यात पण. म्हणून एकदाच सगळं इथे टाईप करून ठेवतोय. जवळजवळ सगळीकडे एकच उदाहरण वापरलंय, कारण दर प्रश्नाला नवीन फंक्शन घेतलं की पोरं फंक्शनमध्ये अडकतात आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला.

सर, विस्थापन आणि अंतर यात नेमका फरक काय? व्याख्या पाठ आहे, पण गणितात गोंधळ होतो.

व्याख्या सोडा, पट्टी घ्या. तुमची नेहमीची १५ सेंमीची पट्टी बाकावर ठेवली आणि तिच्यावरून एक मुंगी चाललीय. शून्यावरून निघाली, थोडी पुढे गेली, काय मनात आलं कुणास ठाऊक, मागे फिरली, परत पुढे निघाली. आता तिला दोन प्रश्न विचारता येतात. "बाई, निघालीस तिथून आत्ता कुठे आहेस?" हे विस्थापन. "आणि एकूण पाय किती झिजवलेस?" हे अंतर.

पहिल्या प्रश्नात मागे गेलेलं वजा होतं, दुसऱ्यात वजा काहीच होत नाही. बँकेचं पासबुक आठवा. जमा झाले, काढले, परत जमा झाले, महिनाअखेरीला शिल्लक दिसते ती विस्थापनासारखी, आणि खात्यावर एकूण उलाढाल किती झाली ते अंतरासारखं. पाच हजार भरून पाच हजार काढले तर शिल्लक होती तेवढीच, पण उलाढाल दहा हजारांची. हे शिल्लक-उलाढाल डोक्यात ठेवा, खाली परत परत लागणार आहे.

बरं, मग v(t) दिलेलं असताना दोन्ही काढायचं कसं? सगळ्या स्टेप्स सांगा.

आपल्या मुंगीचा वेग घेऊ:

`v(t) = t² − 4t + 3`, वेळ 0 ते 4 सेकंद, वेग सेंमी प्रति सेकंद.

विस्थापन सोपंय. सरळ 0 ते 4 निश्चित संकलन करा, कुठेही थांबायचं नाही. संकलन केल्यावर मिळतं

`s(t) = t³/3 − 2t² + 3t`

आणि `s(4) − s(0) = 64/3 − 32 + 12 = 4/3`. म्हणजे विस्थापन सुमारे १.३३ सेंमी, मुंगी शून्यापासून एवढीच पुढे आहे.

अंतरासाठी आधी एक काम करावं लागतं, ते म्हणजे मुंगी कधी वळली ते शोधणं. वळायच्या क्षणी वेग शून्य असतो, म्हणून `v(t) = 0` घ्या, अवयव पाडा: `(t − 1)(t − 3) = 0`, म्हणजे 1 आणि 3. दोन्ही 0 ते 4 च्या आत आहेत, तेव्हा दोन्ही ठिकाणी तोडायचं, तीन तुकडे झाले. आता प्रत्येक तुकड्यात चिन्ह काय ते बघायचं, त्यातला कुठलाही एक आकडा टाकून. 0 घातला की ३ येतं, प्लस. 2 घातला की −१, मायनस. 4 घातला की परत ३, प्लस.

आता तुकड्यांच्या टोकाला मुंगी कुठे होती ते काढा: `s(0) = 0`, `s(1) = 4/3`, `s(3) = 0`, `s(4) = 4/3`. म्हणजे १.३३ पुढे, मग तेवढंच मागे थेट शून्यावर, मग परत १.३३ पुढे. एकूण चालणं `4/3 + 4/3 + 4/3 = 4` सेंमी. विस्थापन १.३३ आणि अंतर ४, पट्टीवरचा तोच सव्वा सेंटीमीटरच्या आसपासचा पट्टा तिनं तीनदा तुडवला. (बरोब्बर तिप्पट येणं हा या फंक्शनचा योगायोग आहे, नियम नाही, मागे एकानं तो नियम म्हणून वहीत चौकट करून लिहिला होता.)

एवढी तोडफोड कशाला? संकलन एकदाच करून शेवटी मॉड लावला तर?

सगळ्यात जास्त मार्क इथे जातात. शेवटी मॉड लावला तर तुम्ही काढताय `|∫v dt|`, म्हणजे शिल्लकेचं चिन्ह पुसताय. आपल्या उदाहरणात शिल्लक आधीच प्लस आहे, १.३३, तिला मॉड लावून १.३३ च राहणार, आणि खरं अंतर ४ आहे. मागे गेलेलं १.३३ पुढच्यातून आधीच वजा होऊन गेलं, आता मॉड लावून ते परत येत नाही. उलाढाल काढायची तर प्रत्येक एंट्रीचं चिन्ह आधी काढा आणि मग बेरीज करा, महिनाअखेरच्या शिल्लकेवरून उलाढाल कुणालाच काढता येत नाही.

म्हणून मॉड आत पाहिजे: `∫|v| dt`. आणि `|v|` चं संकलन हातानं करायचं तर तोडण्याशिवाय गत्यंतर नाही, कारण `|t² − 4t + 3|` हे एका सूत्रात राहत नाही, मधल्या तुकड्यात ते `−(t² − 4t + 3)` असतं. तोडफोड म्हणजे वेगळी कुठली युक्ती नाही हो, मॉडची व्याख्याच आहे ती, फक्त उलगडून लिहिलेली.

आणखी एक प्रकार दिसतो, `s(t)` लाच मॉड लावायचा. `s(t)` ही जागा आहे, तिचा मॉड म्हणजे "निघालो तिथून किती लांब", त्याचा चालण्याशी संबंध नाही.

तोडायचं कुठे हे चुकतं माझं. मी वळण शोधायला विकलन करून शून्य घेतलं, 2 आलं.

हो, हे हुशार पोरांकडूनच होतं, कारण "वळण" म्हटलं की त्यांचा हात आपोआप विकलनाकडे जातो. पण विकलन कशाचं, हे बघा ना. जागेचं, म्हणजे `s(t)` चं विकलन शून्य घेतलं की मुंगी वळते तो क्षण मिळतो, आणि `s` चं विकलन म्हणजे v, ते तर तुम्हाला फुकट दिलंय. तुम्ही v चं विकलन केलंत, ते झालं त्वरण. 2 सेकंदाला त्वरण शून्य आहे म्हणजे तेव्हा मुंगी सगळ्यात जोरात मागे चाललीय, १ सेंमी प्रति सेकंदानं, ती वळत बिळत काही नाहीये.

आणि या चुकीची गंमत बघा. `s(2) = 8/3 − 8 + 6 = 2/3`. 2 ला तोडून केलं तर 0 ते 2 मध्ये २/३, 2 ते 4 मध्ये परत २/३, बेरीज ४/३. विस्थापनच आलं! कारण प्रत्येक तुकड्याच्या आत पुढचं-मागचं एकमेकांत कापलं गेलं. तसंच फक्त 1 ला तोडलं आणि 3 विसरलात तर? 0 ते 1 मध्ये ४/३, आणि 1 ते 4 मध्ये `s(4) − s(1) = 0`. बेरीज परत ४/३. इतकी मेहनत करून "अंतर" विस्थापनाएवढंच आलं आणि वेग मधे मायनस होता हे तुम्हाला दिसतंय, तर तोडण्यात गडबड झालीय हे नक्की.

शून्य आलं की प्रत्येक वेळी तोडायचंच का?

नाही, पण तोडलं तर नुकसान पण नाही. समजा `v(t) = (t − 2)²` असतं. 2 ला वेग शून्य आहे, पण आधीही प्लस आणि नंतरही प्लस, म्हणजे मुंगी क्षणभर थबकली, मिशा हलवल्या आणि तशीच पुढे गेली. इथे अंतर आणि विस्थापन सारखंच. जादा तोडलं तर जादा लिहावं लागतं इतकंच, कमी तोडलं तर उत्तर चुकतं, म्हणून शंका असेल तर तोडा.

मध्यांतराच्या बाहेरचं शून्य मात्र सोडून द्यायचं. आपल्याच मुंगीला 0 ते 2 सेकंदच बघायचं असेल तर 3 चा विचार करू नका, तोडायचं फक्त 1 ला, अंतर `4/3 + 2/3 = 2`, विस्थापन २/३. आणि आणखी एक, चिन्ह बदलायला शून्यातून जावंच लागतं असं नाही. v जर तुकड्यातुकड्यात दिला असेल, म्हणजे "पहिले 2 सेकंद 3, नंतर −1" असा, तर तो शून्याला न शिवताच उडी मारतो, समीकरण सोडवून काही मिळणार नाही, पण 2 ला तोडायचं आहेच.

आलेखावर हे कसं दिसतं?

v-t आलेख काढा. आपला आलेख 3 पासून खाली येतो, 1 ला अक्ष ओलांडून खाली जातो, 2 ला −1 पर्यंत बुडतो, 3 ला परत वर येतो. अक्षाच्या वरचे दोन तुकडे आणि खालची एक वाटी, तिन्हींचं क्षेत्रफळ ४/३. वरचं प्लस आणि खालचं मायनस धरून बेरीज केली की विस्थापन, खालची वाटी उचलून वर पालथी घातली की अंतर. एवढंच.

फक्त एक, पोरं x-t आलेख आणि v-t आलेख यांची अदलाबदल करतात. x-t आलेखाखालचं क्षेत्रफळ इथे कशालाच उपयोगी नाही. तिथे अंतर बघायचं तर डोंगर-दऱ्यांची उंची मोजायची: वर किती चढला, खाली किती उतरला, सगळं मिळवा.

फिजिक्सच्या सरांनी `s = ut + ½at²` शिकवलंय, त्यानं डायरेक्ट अंतर येतं ना?

येत नाही, विस्थापन येतं. त्या सूत्रातला `s` म्हणजे विस्थापन, आणि "अंतर" म्हणून ते तेव्हाच चालतं जेव्हा मधे वळण नाही. चेंडू वर फेका, 20 मीटर प्रति सेकंदानं, `g` सोयीसाठी 10 धरा, 3 सेकंदांनी काय? सूत्रानं `20×3 − 5×9 = 15` मीटर. पण `v = 20 − 10t` हा 2 सेकंदाला शून्य होतो, म्हणजे चेंडू तोवर २० मीटर वर जाऊन पोचलाय (वेग पण 20 आणि उंची पण 20 हा निव्वळ योगायोग) आणि उरलेल्या एका सेकंदात ५ मीटर खाली आलाय. अंतर २५, विस्थापन १५. चेंडू हातात परत येईपर्यंत म्हणजे 4 सेकंद थांबलात तर सूत्र सरळ शून्य सांगेल, आणि चेंडू तर ४० मीटर फिरून आलाय.

फिजिक्सचा पेपर असो की मॅथ्सचा, गणित एकच आहे. फिजिक्सच्या या सूत्रात त्वरण स्थिर असतं म्हणून वळण एकदाच येऊ शकतं, मॅथ्सवाले v ला वर्ग-घन लावून दोन-तीन वळणं घालतात, इतकाच फरक.

उत्तर बरोबर आलंय का हे पटकन तपासायची काही ट्रिक?

आहे, आणि ही मला खरंच आवडते. मुंगी एकूण पुढे किती चालली त्याला P म्हणा, एकूण मागे किती चालली त्याला M म्हणा. मग विस्थापन `P − M`, अंतर `P + M`. आता दोघांची बेरीज करून निम्मं केलं की P मिळतो, वजाबाकी करून निम्मं केलं की M मिळतो.

आपलं उत्तर तपासू. `(4 + 4/3)/2 = 8/3`, हे पुढचं चालणं, आणि खरंच दोनदा ४/३ पुढे गेली ना. `(4 − 4/3)/2 = 4/3`, हे मागचं, तेही जुळलं. म्हणजे अंतर आणि विस्थापन यांच्यातली तफावत नेहमी मागच्या चालण्याच्या दुप्पट असते. म्हणून विस्थापन काढून झालं असेल तर अंतरासाठी सगळे तुकडे करत बसायचीही गरज नाही, फक्त मायनसवाला तुकडा काढा, त्याची दुप्पट विस्थापनात मिळवा: `4/3 + 2×(4/3) = 4`. ऑब्जेक्टिव्ह पेपरमध्ये वेळ वाचतो.

आणि अंतर जर विस्थापनाच्या मॉडपेक्षा कमी आलं, किंवा मायनस आलं, तर पुढे बघूच नका, वरती कुठेतरी चिन्ह सुटलंय.

प्रश्नात `x(0) = 5` दिलंय. ते कशात मिळवायचं?

ना विस्थापनात, ना अंतरात. ते फक्त "शेवटी कण कुठे आहे" याला लागतं. मुंगी ५ च्या खुणेवरून निघाली असती तर ६.३३ वर गेली असती, परत ५ वर आली असती, परत ६.३३ वर. शेवटची जागा ६.३३, विस्थापन तेच १.३३, अंतर तेच ४. संकलनातला `+ C` पण हाच आहे, वरची किंमत वजा खालची किंमत केली की तो आपोआप उडतो.

न्यू जर्सीत माझा भाचा आहे, तिकडच्या एपी कॅल्क्युलसला हे प्रश्न त्यांना हमखास असतात, आणि त्यानं एकदा फोनवर अख्खं गणित बरोबर करून शेवटी अंतरात ५ मिळवून टाकले. मी म्हटलं, अरे तू घरातून निघून पाच किलोमीटरवरच्या मित्राकडून सायकलीवर चक्कर मारायला सुरुवात केलीस तर मित्राच्या घरापर्यंतचे पाच चक्करमध्ये धरशील का? "नाही ना मामा." मग झालं तर.

"कण मूळ स्थानापासून जास्तीत जास्त किती दूर जातो" असं विचारलंय. हे अंतरच ना?

नाही, ही तिसरीच गोष्ट आहे, आणि मराठीत बोलताना "किती लांब गेला" यात तिन्ही अर्थ निघतात म्हणून जास्त घोळ होतो. तीन वेगळी उत्तरं यावीत म्हणून आपल्या मुंगीला साडेतीन सेकंदाला थांबवू. `s(3.5)` येतं साधारण ०.२९. तेव्हा विस्थापन ०.२९ सेंमी. अंतर `1.33 + 1.33 + 0.29`, म्हणजे २.९५ च्या जरा वर (पूर्ण दशांश धरले तर २.९६). आणि सुरुवातीपासून जास्तीत जास्त दूर ती 1 सेकंदाला होती, १.३३ वर. तीन प्रश्न, तीन आकडे.

हे तिसरं काढायला संकलनाची बेरीज करायचीच नाही, वळणांच्या क्षणी आणि दोन्ही टोकांना `s` काढून ठेवा आणि त्यात मॉडनं सगळ्यात मोठा कोण ते बघा. प्रश्न वाचताना "एकूण कापलेले" हे शब्द आहेत की "पासून" हा शब्द आहे ते पेन्सिलीनं गोल करा.

सरासरी वेग आणि सरासरी चाल?

विस्थापन भागिले वेळ, अंतर भागिले वेळ. मुंगीचा सरासरी वेग `(4/3)/4`, म्हणजे १/३ सेंमी प्रति सेकंद, सरासरी चाल १ सेंमी प्रति सेकंद. सुरुवातीचा आणि शेवटचा वेग मिळवून दोननं भागू नका, इथे दोन्हीकडे ३ आहेत, सरासरी ३ येईल आणि ते साफ चूक. ती पद्धत त्वरण स्थिर असतानाच चालते, आणि तेव्हाही वेगासाठीच, चालीसाठी नाही.

`v(t) = cos t`, 0 ते 2π. मला दोन्ही ६.२७ येतंय, पुस्तकात ० आणि ४ आहे.

कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे तुमचा. रेडियनवर करा. डिग्रीवर असताना त्याच्या दृष्टीनं तुम्ही 0 ते सव्वासहा अंश एवढंच गेलात, तेवढ्यात कोसाइन जेमतेम एकच्या खाली येतो, चिन्ह बदलतच नाही, म्हणून दोन्ही सारखं आलं. खरं तर π/2 ला आणि 3π/2 ला चिन्ह बदलतं, पुढे १, मागे २, परत पुढे १, म्हणून विस्थापन शून्य आणि अंतर ४. ज्या फंक्शनचं चिन्ह बदलणार हे तुम्हाला माहितीय तिथे दोन उत्तरं एकसारखी आली की पहिला संशय कॅल्क्युलेटरवर घ्यायचा.

अवयवच पडत नाहीत, शून्य सापडत नाही. मग?

मग हातानं करायचा हट्ट सोडा. आलेख काढून शून्याचा अंदाज घ्या, किंवा संगणकाला बारीक तुकड्यात चालायला लावा. कल्पना अशी की वेळेचे छोटे छोटे भाग पाडायचे, प्रत्येक भागात मुंगी किती सरकली ते घ्यायचं, विस्थापनासाठी तसंच मिळवायचं आणि अंतरासाठी मॉड लावून मिळवायचं.

```python
def v(t):
    return t*t - 4*t + 3

n = 4000
dt = 4 / n
vis = ant = 0
for i in range(n):
    x = v((i + 0.5) * dt) * dt
    vis += x
    ant += abs(x)
print(vis, ant)
```

हे १.३३३३ आणि ४ च्या अगदी जवळ देतं. `abs` कुठे बसलाय बघा, लूपच्या आत, बेरीज व्हायच्या आधी. वर जे मॉडबद्दल डोकं खाल्लं ते सगळं त्या एका ओळीत आहे.

आता गंमत म्हणून `n = 2` करून बघा. दोन्ही उत्तरं शून्य येतील! कारण दोनच भाग पाडले तर प्रत्येकाचा मध्य नेमका 1 आणि 3 वर येतो, आणि आपण मुंगीला बघितलं तेव्हा दोन्ही वेळा ती नेमकी वळत होती, म्हणजे थांबलेली. म्हणून एकदाच चालवून विश्वास ठेवू नका, n दुप्पट करा, उत्तर हललं नाही तर ठीक.

सूत्र नाही, प्रॅक्टिकलमधले नुसते रीडिंग आहेत, दर सेकंदाचा वेग. अंतर काढता येईल?

येईल, पण चिन्ह बदलतं त्या जागी जपून. समजा एका सेकंदाला वेग 3 आणि पुढच्या सेकंदाला −3. नेहमीप्रमाणे समलंब चौकोन घेतला, म्हणजे दोघांची सरासरी गुणिले एक सेकंद, तर विस्थापन शून्य, हे बरोबर. आता अंतरासाठी बहुतेक जण सगळ्या रीडिंगना आधी मॉड लावतात आणि मग तेच करतात: 3 आणि 3, सरासरी 3, अंतर ३. पण वेग सरळ रेषेत 3 वरून −3 ला उतरला असेल तर मधे अर्ध्या सेकंदाला तो शून्य होता. दोन त्रिकोण होतात, प्रत्येकाचं क्षेत्रफळ `½ × 0.5 × 3 = 0.75`, एकूण १.५. म्हणजे थेट दुप्पट अंतर लिहिलं गेलं! तेव्हा ज्या दोन रीडिंगच्या मधे चिन्ह बदलतंय तेवढ्याच भागात शून्याची जागा अंदाजानं घालून दोन त्रिकोण करा, बाकी ठिकाणी नेहमीचं चालेल.

आणि रीडिंगमध्ये खळखळ असेल तर विस्थापन आणि अंतर यांची वागणूक वेगळी असते. वस्तू जागेवर आहे पण यंत्र कधी ०.१ दाखवतंय कधी −०.१, तर विस्थापनात ते एकमेकांना बरंचसं खाऊन टाकतात, अंतरात मात्र प्रत्येक ०.१ जमा होत जातो, मॉडमुळे कुणीच कुणाला खात नाही. जितके जास्त वेळा रीडिंग घ्याल तितका हा कचरा काही कमी होत नाही. धावण्याचं अ‍ॅप चालू ठेवून फोन टेबलावर तासभर ठेवा, जीपीएसची जागा आपली इकडे तिकडे हलत असते, आणि कधी कधी तुम्ही चहा पीत बसलेले असताना अ‍ॅप म्हणतं शंभर-दोनशे मीटर झाले. तिथे मग एक हद्द ठरवतात, त्याच्या खालचा वेग शून्यच धरायचा, आणि ती हद्द किती ठेवायची हे यंत्र आधी तसंच जागेवर ठेवून, ते किती बडबडतंय बघूनच ठरवावं लागतं.